पहिला माणूस कामाला घ्यायचा होता आणि विचारायचं काय तेच कळत नव्हतं

माझा लेबल छपाईचा छोटा व्यवसाय आहे, म्हणजे बाटल्यांवर, डब्यांवर, खोक्यांवर जी चिकटलेबलं असतात ती. बरीच वर्षं सगळं मी एकटीच करत होते, ऑर्डर घेणं, फाइल तपासणं, ग्राहकाला प्रूफ पाठवणं, मशीनवर लावणं, कापणं, पॅक करणं, सगळंच. मग एक वेळ अशी आली की रात्री दोनला उठून आठवायला लागायचं की अरे त्यांची फाइल बदललेली ना, मी जुनीच तर लावली नाही ना, आणि तेव्हा ठरवलं की आता माणूस पाहिजे. ऑर्डर नोंदवून घेणारा, फाइल आणि प्रूफ सांभाळणारा, आणि संध्याकाळी पार्सल नीट बाहेर काढणारा एक माणूस.

ओळखीत सांगितलं, जाहिरात टाकली, तीन जण भेटायला आले. मी काय केलं तर नेटवर मुलाखतीत काय विचारतात ते शोधलं आणि त्यातले आठदहा प्रश्न वहीत उतरवून घेतले. स्वतःबद्दल सांगा, तुमची जमेची बाजू कोणती, कमकुवत बाजू कोणती, पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता. आता चारपाच टेबलं मावतील एवढ्या जागेत बसून मी समोरच्याला विचारतेय की पाच वर्षांनी कुठे बघता, मला स्वतःलाच माहीत नाही मी पाच वर्षांनी कुठे असणार आहे ते. पण विचारलं. कमकुवत बाजू कोणती यावर तिघांपैकी दोघांनी सांगितलं की मी कामात फार परफेक्शन बघतो. दोघांनी! तोच प्रश्न वाचून मी आले होते आणि तेच उत्तर वाचून ते आले होते.

तिसरा मुलगा मात्र छान बोलला. हसतमुख, चटपटीत, मला मध्येच विचारलं की तुम्ही हे सगळं एकट्या कसं करता हो, आणि मग मी जी सुटले ती अर्धा तास माझ्याच व्यवसायाची कहाणी सांगत बसले. तो मान डोलवत होता. तो गेल्यावर मला वाटलं, झालं, हाच. त्याला फोन करणार तेवढ्यात माझ्या मोठ्या बहिणीचा फोन आला. ताई एका कारखान्यात शिफ्ट सुपरवायझर होती, बरीच वर्षं हाताखाली माणसं घेतली तिने. तिला मी उत्साहाने सगळं सांगितलं तर ती एवढंच म्हणाली, "बरं, चूक झाली की तो काय करतो?"

मी म्हटलं, म्हणजे?

"म्हणजे त्याने चुकीचं लेबल छापलं आणि ते त्याच्या लक्षात आलं, तुझ्या नाही आलं. तर तो तुला येऊन सांगेल का गुपचूप पॅक करेल?"

मला माहीत नव्हतं. वही उघडून बघितली तर त्याच्या नावापुढे मी दोनच शब्द लिहिले होते, 'चांगला वाटला'. पाऊण तासाच्या गप्पांतून एवढंच हाती लागलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्यातलं बरंचसं बोलणं माझंच होतं.

ताई म्हणाली, "अगं, प्रश्न नेटवर नाही सापडत, ते तुझ्या रद्दीत सापडतात." ती नेहमी असंच बोलते, मग समजावून घ्यावं लागतं. तिचं म्हणणं असं होतं की तुझ्याकडे जे काम फसलं, परत छापावं लागलं, त्याचे कागद असतील ना, ते काढ, आणि प्रत्येकात नेमकं कुठल्या क्षणी कोणी काय केलं किंवा केलं नाही म्हणून फसलं ते लिही. जे लिहिशील तेच विचार. मला वाटलं हे तिचं घरगुती शहाणपण असेल, पण नंतर वाचलं तर ही चांगली नाव असलेली पद्धत निघाली. जॉन फ्लॅनगन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांवर काम करताना ती वापरली आणि 1954 साली त्यावर लेख लिहिला. चांगला वैमानिक कसा असावा असं विचारलं की लोक धाडसी, हुशार वगैरे विशेषणं सांगतात, त्याचा उपयोग नाही, त्यापेक्षा प्रत्यक्ष घडलेला प्रसंग सांगा, काय झालं, कोणी काय केलं, त्यातून कळतं काम नेमकं काय मागतं ते. माझीही जाहिरात बघा ना, त्यात मी लिहिलं होतं 'मेहनती, प्रामाणिक आणि जबाबदार व्यक्ती हवी'. आळशी आणि बेजबाबदार व्यक्ती हवी असं कोण लिहितं!

तर मी रीप्रिंटची फाइल काढली. मागच्या तीन महिन्यांत अकरा कामं परत छापली होती. सगळी माझीच चूक, कारण दुसरं कोणी नव्हतंच. एकेक कागद घेऊन बसले आणि आठवून आठवून लिहिलं. पाच वेळा ग्राहकाने मध्येच बदल सांगितला होता आणि मी जुनी फाइल लावली होती. तीन वेळा मापाचा घोळ, एकदा रुंदी आणि उंची उलटी घेतली, एकदा ग्राहक इंचात बोलत होता आणि मी मिलिमीटरमध्ये ऐकत होते, आणि एकदा साठ बाय चाळीस हे माप कापून झाल्यावरचं होतं की ब्लीड धरून होतं ते मी विचारलंच नाही. ब्लीड म्हणजे कापताना कडेला पांढरी रेघ दिसू नये म्हणून डिझाइन चारही बाजूंनी साधारण तीन मिलिमीटर जास्त ठेवतात ते. दोनदा पार्सलांची अदलाबदल. आणि एकदा मटेरियलच चुकलं, फ्रीजमध्ये ठेवायच्या बाटलीला साधा कागद लावला आणि ओल धरून लेबल सुटलं.

हे लिहून काढल्यावर मला वाटलं होतं की निष्कर्ष निघणार 'नीटनेटकं काम करणारा माणूस पाहिजे'. पण कागद परत वाचताना एक गोष्ट दिसली आणि ती बघून मी जरा गप्पच झाले. अकरापैकी सात वेळा मला शंका आली होती. खरंच आली होती, आठवतंय मला. मेसेज वाचताना मनात आलेलं की हे नक्की कुठल्या फाइलबद्दल बोलतायत? आणि मी स्वतःलाच सांगितलं, असेल तिसरीच, आता कुठे परत विचारायचं, त्यांना वाटेल हिला काही कळत नाही. म्हणजे चूक लक्ष नसल्याने झाली नव्हती. लक्ष होतं, शंका आली होती, विचारलं नव्हतं.

इथे सगळं फिरलं. मला नीटनेटका माणूस नको होता, मला शंका आली की थांबणारा माणूस हवा होता. आणि मी ज्याला फोन करणार होते तो चटपटीत मुलगा, त्याच्याबद्दल मला बाकी काहीही माहीत असेल पण हे माहीत नव्हतं.

मग प्रश्न लिहायला बसले. पहिला खर्डा असा होता, 'ग्राहकाची सूचना स्पष्ट नसेल तर तुम्ही काय कराल?' ताईने फोनवर ऐकून लगेच उत्तर दिलं, "मी ग्राहकाला फोन करून खात्री करून घेईन, मॅडम. झालं, घेतलंस मला कामाला?" बरोबर होतं तिचं. 'काय कराल' म्हटलं की समोरचा तुम्हाला आवडेल तेच सांगतो, तो खोटं बोलतो असंही नाही, त्याला खरंच वाटत असतं तो तसं करेल म्हणून. मलाही कोणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं, आणि माझ्या फाइलमध्ये सात कागद पडलेले होते. म्हणून प्रश्न भूतकाळात नेला. शेवटी असे चार प्रश्न राहिले.

एक, तुम्हाला काम सांगितलं गेलं पण सांगितलेल्या गोष्टी एकमेकांशी जुळत नव्हत्या असं शेवटचं कधी झालं, काय होतं ते काम आणि तुम्ही काय केलंत. दोन, तुमच्या हातून झालेली अशी चूक सांगा की जिचा त्रास दुसऱ्याला झाला किंवा होणार होता, ती कोणाला कधी कळली. तीन, दोन कामं एकाच वेळी अंगावर आली आणि एक वेळेत होणार नव्हतं, कुठलं सोडलंत आणि ते कोणाला सांगितलंत. चार, तेच तेच तपासायचं कंटाळवाणं काम तुम्ही कधी केलंय का, लक्ष उडू नये म्हणून काय करायचात.

बस, एवढेच. मला आधी वाटलं चार फारच कमी आहेत, पण एका प्रश्नावर नीट खोदलं तर आठदहा मिनिटं जातात. आणि नोकरीचा अनुभव नसलेल्यांसाठी मी आधीच सांगायचं ठरवलं की कुठलंही काम चालेल, घरचं, कॉलेजचं, कुणाच्या कार्यक्रमाची जबाबदारी घेतली असेल ते.

यापुढची गोष्ट मला सगळ्यात अवघड गेली, आणि ती केली नसती तर बाकीचं सगळं वाया गेलं असतं असं मला आता वाटतं. कोणालाही भेटायच्या आधी मी प्रत्येक प्रश्नाखाली लिहून ठेवलं की वाईट उत्तर कसं असेल, मधलं कसं आणि चांगलं कसं. एक ते पाच मार्क. चुकीबद्दलच्या प्रश्नाचं उदाहरण देते. एक मार्क म्हणजे चूक आठवतच नाही, किंवा सांगितलेल्या गोष्टीत चूक मुळात दुसऱ्याचीच आहे. तीन म्हणजे चूक मान्य केली पण ती दुसऱ्याने पकडल्यावर किंवा विचारल्यावर. पाच म्हणजे कोणाला कळायच्या आत स्वतः जाऊन सांगितली, आणि त्यानंतर कामाच्या पद्धतीत काहीतरी बदललं, निदान एक छोटी गोष्ट तरी. हे लिहिताना कळलं की मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं मी काय ऐकायला बसणार आहे. पहिल्या प्रश्नाखाली मी आधी पाच मार्कांसाठी 'लगेच विचारलं' लिहिलं होतं, मग वाटलं की प्रत्येक बारीकसारीक गोष्ट विचारणारा माणूस पण मला नको, मग खोडून लिहिलं 'स्वतः जेवढं शोधता येईल तेवढं शोधलं, उरलेलं नेमकं विचारलं'. ही खोडाखोड समोर माणूस बसलेला असताना होत नाही. तेव्हा माणूस आवडलेला असतो किंवा नसतो, आणि उत्तर आपोआप त्याप्रमाणे चांगलं किंवा वाईट वाटतं.

याला हेलो इफेक्ट म्हणतात. एडवर्ड थॉर्नडाइकने 1920 मध्ये हे दाखवलं होतं, सैन्यातले अधिकारी हाताखालच्या लोकांना वेगवेगळ्या गुणांसाठी मार्क द्यायचे, शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, आणि ज्याला एकात चांगले मार्क त्याला सगळ्यातच चांगले पडायचे. माझ्या 'चांगला वाटला'चंच हे मोठं रूप. निवडीच्या पद्धतींवरच्या जुन्या अभ्यासांचा 2022 मध्ये परत हिशोब मांडला गेला, त्यात सगळ्यांना तेच प्रश्न आणि ठरलेले मार्क अशी मुलाखत आणि पुढे माणूस प्रत्यक्ष कसं काम करतो यातला संबंध 0.42 आला आणि नुसत्या गप्पांच्या मुलाखतीचा 0.19. पूर्ण जुळलं तर 1 धरा. म्हणजे चांगली मुलाखत पण काही भविष्य सांगत नाही, पण गप्पांपेक्षा दुपटीहून बरी.

याच अभ्यासात कामाचा नमुना करून घेणं हेही उपयोगी पद्धतींत होतं, आणि मला तर ते बोलण्यापेक्षा जास्त पटत होतं. म्हणून एक छोटं काम तयार केलं. एका काल्पनिक ग्राहकाचे सहा मेसेज छापून घेतले. पहिल्यात, पाचशे लेबलं, साठ बाय चाळीस, बाटलीसाठी. दुसऱ्यात लोगो पाठवलाय. तिसऱ्यात, उंची जरा वाढवा, मजकूर बसत नाहीये. चौथ्यात नुसतं 'ओके', पण त्याच्या आधी मी फाइल नंबर दोन आणि तीन दोन्ही पाठवलेल्या दिसतात. पाचव्यात, आठशे करा. सहाव्यात, बाकी सगळं आधी बोलल्याप्रमाणे. आणि एक कोरं जॉब कार्ड, सात रकाने, नाव, माप, नग, मटेरियल, फाइल नंबर, पत्ता, द्यायची तारीख. नाव, पत्ता आणि तारीख मेसेजमध्ये नीट होती. सूचना एवढीच की वीस मिनिटांत हे कार्ड भरा, मला ग्राहक समजून काहीही विचारलं तरी चालेल.

यातली मेख अशी की तीन रकाने भरताच येत नाहीत. उंची किती वाढवायची ते कुठेच नाही, ओके कुठल्या फाइलला ते कळत नाही, आणि मटेरियलचा तर उल्लेखच नाही. खऱ्या ग्राहकाचं काम दिलं नाही, कारण मुलाखतीच्या नावाखाली फुकट काम करून घेणं मला बरं वाटत नाही.

परत जाहिरात टाकली, या वेळी मेहनती प्रामाणिक वगैरे काढून काम काय आहे ते लिहिलं आणि पगार किती ते पण लिहिलं, त्यामुळे आधीच्या ठिकाणी किती मिळायचे हे विचारायची गरजच राहिली नाही. चार जण आले. त्यातला एक तोच चटपटीत मुलगा, त्याला मी प्रामाणिकपणे सांगितलं की मी पहिल्यांदा नीट विचारलं नव्हतं, परत याल का, तो आला.

आता माझ्या चुका सांगते. त्याने दुसऱ्या प्रश्नाला कार्यक्रमाच्या पत्रिकेवर तारीख चुकल्याची गोष्ट सांगायला सुरुवात केली आणि मध्ये जरा थांबला, आणि मी पटकन म्हटलं, "म्हणजे तुम्ही लगेच सांगितलंत ना?" तो म्हणाला, "हो हो, लगेच." उत्तर मीच त्याच्या तोंडात घातलं. हे मला त्याच क्षणी कळलं आणि मग मी वहीत कोपऱ्यात लिहिलं 'गप्प बस'. पुढच्या तिघांच्या वेळी ते समोर ठेवलं होतं. माणूस थांबला की पाचसहा सेकंद फार लांब वाटतात, पण बहुतेक वेळा खरी गोष्ट त्यानंतरच येते. त्याला मी मग परत मागे नेलं, कोणाच्या लक्षात आलं, तुम्ही तेव्हा कुठे होतात, नेमकं काय बोललात. तेव्हा कळलं की तारीख काकांनी पकडली होती. वाईट काही नाही, तीन मार्क. दुसरं एक लक्षात आलं, तो सारखा 'आम्ही' म्हणत होता. आम्ही ठरवलं, आम्ही बदलून घेतलं. म्हणून विचारलं, त्यात तुम्ही स्वतः काय केलंत? तर जरा गडबडला.

आणि एक चूक होता होता राहिली. दुसऱ्या बाई आल्या, घरच्यासारख्या वाटल्या आणि माझ्या तोंडावर आलंच होतं, घरी कोण कोण असतं, मुलं लहान आहेत का? आपल्याला यात गैर वाटत नाही, ओळख काढायची सवयच असते. पण मला खरं जाणून घ्यायचं होतं ते हे की चार ते सहा पार्सलांच्या वेळेत त्या रोज थांबू शकतील का. मग तेच विचारावं की सरळ, आणि चौघांनाही विचारावं, पुरुषांना पण. लग्न, मुलं, जात, धर्म, आजारपण यातलं काही विचारून लेबल नीट छापलं जाईल का ते कळत नाही, आणि कित्येक देशांत अशा माहितीवरून माणूस नाकारणं कायद्यात बसत नाही. एकदा उत्तर कानावर पडलं की ते विसरता येत नाही हे तर आहेच.

जॉब कार्डचं काय झालं ते ऐका. चटपटीत मुलाने दहा मिनिटांत सगळं कार्ड भरून दिलं. अक्षर सुंदर. मापात साठ बाय पन्नास, फाइल तीन, आणि मटेरियलमध्ये 'ग्लॉसी पेपर'. मी विचारलं ग्लॉसी पेपर कुठून आलं, तर म्हणाला, बाटलीवर तेच छान दिसतं ना मॅडम. ते कार्ड हातात धरून मी माझ्या सात कागदांकडेच बघत होते. त्या बाईंनी उलट प्रत्येक ओळ विचारली, पाचशेचे आठशे केले म्हणजे एकूण आठशे का, लोगो म्हणजे हाच लोगो का, पत्ता हाच का, पंधराएक प्रश्न झाले, त्यातले बरेच वरच्या कागदावर लिहिलेले होते. पण 'आठशे करा' म्हणजे पाचशेवर आणखी आठशे की एकूण आठशे, हा प्रश्न माझ्याही डोक्यात आला नव्हता, तो त्यांनी काढला, ते मान्य. तिसऱ्या मुलाने नगाच्या रकान्यात पाचशेच ठेवले, पाचवा मेसेज त्याच्या नजरेतूनच सुटला.

चौथी मुलगी बोलायला अगदी जेमतेम. पहिल्या प्रश्नावर तिने बराच वेळ घेतला, मला वाटलं गेलं हे. मग खाली बघून सांगितलं की मामाच्या औषधांच्या गोळ्या ती डबीत भरून ठेवायची, डॉक्टरांच्या नव्या कागदावर एक गोळी दोनदा लिहिली होती, वेगवेगळ्या नावाने. तिने दोन्ही पाकिटांवरचं बारीक अक्षरातलं नाव जुळवून बघितलं, सारखं निघालं, मग ती डबी तशीच रिकामी ठेवून दवाखान्यात फोन केला. गोष्ट दोन मिनिटांची. मी मार्कांचा कागद बघितला, 'जेवढं शोधता येईल तेवढं शोधलं, उरलेलं नेमकं विचारलं', पाच. जॉब कार्डवर तिने चार रकाने शाईने भरले आणि उरलेल्या तिन्हींवर पेन्सिलने गोल केले. मग मला तीनच प्रश्न विचारले, उंची किती, ओके कुठल्या फाइलला, आणि बाटली कुठे ठेवतात. मटेरियल कुठलं असं नाही विचारलं, बाटली कुठे ठेवतात विचारलं! कारण ग्राहकाला मटेरियलचं नाव माहीत नसणार, म्हणाली.

प्रत्येक माणूस गेला की दहा मिनिटं मध्ये ठेवली होती, त्यातच मार्क लिहून टाकायचे, पुढचा यायच्या आत. शेवटी बेरीज केली तर वीसपैकी मुलाला अकरा, तिला सोळा, बाकी दोघं मध्ये कुठेतरी. गंमत म्हणजे पानाच्या तळाशी मी 'मनाला काय वाटतं' असंही लिहीत होते, आणि तिथे मुलाच्या नावापुढे लिहिलेलं होतं 'याच्याबरोबर काम करायला मजा येईल'. आली असती कदाचित.

तिला विचारून तिच्या आधीच्या ठिकाणी एक फोन केला, तिथे ती थोडे महिने नोंदी ठेवायची. मुलगी कशी आहे असं विचारलं की चांगली आहे एवढंच उत्तर मिळतं, म्हणून विचारलं की तिच्याकडून उत्तम काम करून घ्यायचं तर मी काय सांभाळायला पाहिजे. तिकडचे गृहस्थ जरा विचार करून म्हणाले, तिला एका वेळी एकच काम सांगा आणि लिहून द्या. हे उपयोगाचं निघालं.

आणि तुम्हाला काही विचारायचंय का म्हटल्यावर तिने एकच विचारलं, "माझ्याकडून चूक झाली तर इथे काय होतं?" चार वेळा मी हा प्रश्न इकडून विचारला होता आणि तिकडून आल्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिथल्या तिथे ठरवलं आणि सांगितलं, छापायच्या आधी सांगितलीत तर काही नाही, छापल्यावर सांगितलीत तर आपण दोघी बसून कारण लिहू, पगारातून काही कापलं जाणार नाही. त्या रीप्रिंटच्या फाइलमध्ये आता तेच लिहिलं जातं.

ती आली कामाला. पहिल्या दोन महिन्यांत एकच रीप्रिंट झालं आणि ते माझं होतं, मी घाईत तिच्या पेन्सिलच्या गोलावर 'असू दे' म्हणून सही केली होती.

पण एक गोष्ट माझ्या यादीतून पूर्ण निसटली. ती फोनवर बोलत नाही. म्हणजे बोलते, पण ग्राहक आवाज चढवून बोलायला लागला की तिची वाचा बसते, मग हो हो म्हणून फोन ठेवते आणि पाच मिनिटं कागदाकडे बघत बसते. मला आश्चर्य वाटलं की हे माझ्या लक्षात कसं आलं नाही, इतके कागद काढले, इतकं लिहिलं. मग कळलं, फोन मला नीट जमत होता, त्यात माझं कधी काही फसलं नव्हतं, म्हणून फसलेल्या कामांच्या फाइलमध्ये फोनचा एकही कागद नव्हता. जे आपल्याला सहज येतं ते काम आहे हेच दिसत नाही. ताईला सांगितलं तर म्हणाली, "मग चांगली झालेली पण दहा कामं काढायची ना, त्यात तू काय केलंस ते लिहायचं." हे तिने आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

सध्या चिडलेले ग्राहक मी घेते आणि बाकीच्यांना आम्ही सांगितलंय की बदल लेखीच पाठवा, त्याने तसाही घोळ कमी झाला. पुढच्या वर्षी दुसरं माणूस घ्यावं लागेल असं दिसतंय, त्यासाठी एक पान आत्ताच उघडून ठेवलंय. त्यात पहिली ओळ आहे, शेजारच्या खोलीतून चिडलेला ग्राहक बनून फोन करायचा. तो फोन ताई करणार आहे, तिला हे आत्ताच सांगून ठेवलंय आणि ती फारच खूश आहे.